चोवीस फ्लॅटची इमारत: पैसा कधी जातो, कधी येतो

माझा मेव्हणा गेली वीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे स्लॅब टाकतोय. सेंट्रिंग, लोखंड, मजूर यातलं त्याला सगळं कळतं. मागच्या महिन्यात एका रविवारी तो एक कागद घेऊन घरी आला. मुलुंड पूर्वेला एक जुना बंगला विकायला आहे, भाडेकरू नाहीत, प्लॉट ६०० चौरस मीटरचा. कागदावर बेरीज-वजाबाकी होती: विक्री ४२ कोटी, खर्च ३४ कोटी, शिल्लक ८ कोटी.

"भावोजी, यात चूक कुठे आहे ते सांगा," तो म्हणाला.

मी सीए आहे आणि छोट्या बिल्डरांचे हिशेब बघतो. बेरजेत चूक नव्हती. पण कागदावर एकही महिना लिहिलेला नव्हता. ३४ कोटी आधी जाणार आणि ४२ कोटी मागून येणार. मधल्या काळात पैसा कोणाचा वापरायचा आणि तो किती महिने अडकून राहणार, यावर ते आठ कोटी उरणार की नाही हे ठरतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला तोच इथे देतो. दर आणि रकमा त्या प्लॉटपुरत्या धरलेल्या आहेत, कायद्याचे नियम मात्र सगळ्यांना तेच.

सुरुवात जमिनीपासून. मुंबईत जमिनीची किंमत प्लॉटच्या चौरस फुटांवर ठरत नाही. त्या प्लॉटवर किती बांधता येईल यावर ठरते, आणि किती बांधता येईल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. सध्याची विकास नियमावली म्हणजे डीसीपीआर २०३४. तिच्यानुसार उपनगरात मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १ मिळतो. रस्ता ९ मीटर किंवा जास्त, पण १२ मीटरपेक्षा कमी असेल, तर महापालिकेला प्रीमियम भरून आणखी अर्धा आणि बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन आणखी अर्धा मिळतो. एकूण २. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे पुन्हा प्रीमियम भरून मिळणारं वाढीव क्षेत्र. २ चे झाले २.७. आपल्या ६०० मीटरच्या प्लॉटवर १,६२० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेसतरा हजार चौरस फूट बांधकाम. त्यातून विकायला सुमारे १५,००० फूट कार्पेट निघतं: ६२५ फुटांचे २४ फ्लॅट, खाली स्टिल्ट आणि वर आठ मजले.

आता समजा गल्ली ९ मीटरला थोडी कमी पडली. मग ना प्रीमियमचा एफएसआय, ना टीडीआर. एफएसआय १ आणि वर फंजिबल, एकूण १.३५. इमारत बरोबर निम्मी: १२ फ्लॅट, २१ कोटींची विक्री. बांधकाम, मंजुऱ्या आणि बाकीचा खर्च निम्मा झाला तरी जमिनीचे तेच १६ कोटी दिले असतील, तर साडेचार कोटींच्या आसपास खड्ड्यात. म्हणून टोकन देण्याआधी टेप घेऊन गल्ली मोजावी, आणि टेपवरही विसंबू नये. महापालिकेकडून डीपी रिमार्क घ्यावा. रस्त्याची अधिकृत रुंदी किती, पुढे रस्ता रुंद करण्यासाठी प्लॉटचा तुकडा जाणार आहे का, एखादं आरक्षण आहे का, हे त्यातून कळतं. दलाल सांगतो ती रुंदी दोन्ही बाजूंच्या कुंपणांच्या मधली असते, आणि कुंपणं लोकांनी आपापल्या सोयीने उभी केलेली असतात.

जागेचे दुसरे दोन कागदही याच वेळी लागतात. एक वकिलाचा तीस वर्षांचा टायटल सर्च, आणि त्यासोबत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. दुसरा मातीचा रिपोर्ट. मुलुंड पूर्वेला खाडीच्या बाजूला माती मऊ लागली तर पाइल मारावे लागतात, आणि मेव्हण्याच्या कागदावरचा पायाचा खर्च तिथेच बदलतो. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तरी त्याच्या कागदात ते नव्हतंच. दुसऱ्याच्या साइटवर आपण जी चूक पकडतो ती स्वतःच्या कागदावर दिसत नाही.

जमीन १६ कोटी. मुंबईत सहा टक्के स्टॅम्प ड्युटी धरून १७ कोटी. मंजुऱ्यांचा आकडा रेडी रेकनरवर, म्हणजे जागेच्या सरकारी दरपत्रकावर बसतो. तिथला जमिनीचा दर चौरस मीटरला ८०,००० रुपये धरला. प्रीमियम एफएसआयला त्याच्या निम्मा दर: ३०० मीटर गुणिले ४०,००० म्हणजे १ कोटी २० लाख. फंजिबललाही निम्मा दर: ४२० मीटरचे १ कोटी ६८ लाख. टीडीआर बाजारभावाने, साधारण १ कोटी ३५ लाख. जिना, लिफ्ट, लॉबी, सामासिक अंतरात मिळालेली सवलत, विकास शुल्क, कामगार कल्याण उपकर असं बाकीचं सव्वा कोटी. एकूण साडेपाच कोटी. सरकार प्रीमियममध्ये अधूनमधून सवलत देतं आणि ती मुदत संपली की काढून घेतं, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशीचा दर पाहावा. गेल्या वर्षी शेजारच्या बिल्डरने काय भरलं हे ऐकून कागदावर लिहू नये.

बांधकाम ९ कोटी. आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, जाहिरात, ब्रोकरेज, ऑफिस मिळून अडीच कोटी. सगळं मिळून ३४ कोटी. इथवर मेव्हण्याचा कागद बरोबर होता.

आता महिने लिहू.

पहिल्या तीन महिन्यांत जमीन. १७ कोटी गेले. मग मंजुऱ्या. आधी महापालिकेच्या बिल्डिंग प्रपोजल विभागात नकाशे जातात आणि आयओडी मिळते. या कागदाचं नाव शब्दशः घेतलं तर अर्थ होतो 'नामंजुरीची सूचना', आणि तरीही मुंबईत लोक त्याच्यासाठी पेढे वाटतात. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३४६ आहे ते. तुमचे नकाशे आहेत तसे मंजूर नाहीत, पण या-या अटी पुऱ्या केल्या तर हरकत नाही, असा त्याचा मतलब. अटींमध्ये अग्निशमन, झाडं, गटार, पाणी यांचे ना-हरकत दाखले येतात. त्या पुऱ्या केल्या, प्रीमियम भरले, की एमआरटीपी कायद्याखाली सीसी मिळते, म्हणजे काम सुरू करायचा दाखला. तोही आधी जोत्यापर्यंतच. जोतं बांधून झालं, ते नकाशाप्रमाणे आहे हे तपासून झालं, की वरच्या मजल्यांची सीसी. काम संपल्यावर ओसी, म्हणजे इमारत वापरायला हरकत नाही असा दाखला.

सगळं सुरळीत गेलं तर दहाव्या महिन्यात जोत्याची सीसी हातात येईल असं धरलं. तोवर जमीन १७ कोटी, मंजुऱ्या ५.५ कोटी, सल्लागारांची फी अर्धा कोटी. २३ कोटी गेले आणि ग्राहकाकडून आलेला रुपया शून्य.

"शून्य कसा?" मेव्हणा म्हणाला. "मी ज्यांच्याकडे काम करायचो त्यांनी भूमिपूजनाच्या दिवशीच सहा फ्लॅट विकले होते. जमिनीचे पैसेच त्यातून दिले."

दिले असतील. २०१७ च्या आधी असं सर्रास चालायचं. त्या वर्षीच्या १ मेपासून बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. आपला प्लॉट ५०० मीटरहून मोठा आणि फ्लॅट आठहून जास्त, म्हणजे महारेराची नोंदणी बंधनकारक. नोंदणी सीसीशिवाय होत नाही. आणि नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, 'फक्त नाव लिहून ठेवतो' म्हणून टोकनही घ्यायचं नाही. घेतलं तर दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या बाबतीत तीन कोटींच्या वर. मग प्री-लाँचच्या नावाखाली मिळणारे पन्नास लाख कोणाला हवेत?

नोंदणी झाल्यावरही पैसा एकदम येत नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्यापुढचे टप्पे महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यातच ठरवून दिलेले आहेत. करारनामा झाल्यावर एकूण तीस टक्क्यांपर्यंत. जोतं पूर्ण झालं की पंचेचाळीस. सगळे स्लॅब पडले की सत्तर. मग भिंती, आतलं प्लास्टर, लाद्या, दारं-खिडक्या झाल्या की पंचाहत्तर, त्यानंतर पाच-पाच टक्क्यांनी पंच्याऐंशीपर्यंत. लिफ्ट, पंप, वायरिंग झालं की पंच्याण्णव. शेवटचे पाच ओसी आल्यावर, ताबा देताना. हे आकडे कमाल मर्यादा आहेत. ग्राहकाच्या गृहकर्जाची बँकही याच टप्प्यांवर, स्वतःचा माणूस साइटवर पाठवून मगच पैसे सोडते. वर दीड-पावणेदोन कोटींच्या फ्लॅटवर ग्राहक दर हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापतो, म्हणजे हातात ९९ पडतात.

विक्रीचे आम्ही तीन टप्पे केले. नोंदणी झाल्या झाल्या, जोतं होईपर्यंत ६ फ्लॅट, २६,००० रुपये फुटाने: पावणेदहा कोटी. स्लॅब पडत असताना १० फ्लॅट, २८,००० ने: साडेसतरा कोटी. उरलेले ८ तयार झाल्यावर, २९,५०० ने: पावणेपंधरा कोटी. बेरीज तीच, ४२.

चौदाव्या महिन्यात जोतं पूर्ण होतं. पायावर दीड कोटी आणि जाहिरात-ब्रोकरेजवर ४० लाख गेले, एकूण खर्च २४.९ कोटी. सहा फ्लॅटचे आधी तीस टक्के आले, २.९ कोटी. जोत्याची मागणी गेल्यावर पंचेचाळीस टक्क्यांनी ४.४. म्हणजे दहाव्या महिन्यातला २३ कोटींचा खड्डा चौदाव्यात साडेवीसवर आला. चार महिने काम केलं, सहा फ्लॅट विकले, आणि खड्डा अडीच कोटींनी कमी झाला, बस्स.

तेविसाव्या महिन्यापर्यंत नऊ स्लॅब. पावसाळा मध्ये येणारच, म्हणून महिन्याला एकच स्लॅब धरला. आणखी ५.४ कोटी खर्च, एकूण ३०.३. सोळा फ्लॅट विकलेले, सव्वासत्तावीस कोटींचे, त्याचे सत्तर टक्के १९.१ कोटी आले. खड्डा ११.२. तिसाव्या महिन्यात फिनिशिंग संपतं, सगळे ३४ कोटी गेलेले, आलेले २५.९. खड्डा अजून आठ कोटींचा! इमारत रंगवून उभी आहे आणि बिल्डरच्या खिशात स्वतःचा पैसाही परत आलेला नाही. ओसीनंतर, तेहेतिसाव्या महिन्याच्या आसपास, सोळा जणांचे शेवटचे पाच टक्के आणि राहिलेल्या आठ फ्लॅटची पूर्ण किंमत आली की मग ते आठ कोटी दिसतात. ओसीनंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, म्हणून तेव्हा थोडा चढा भाव ग्राहकालाही परवडतो.

आता या खड्ड्यात पैसा कोणाचा? बँकेकडे जमिनीसाठी जाऊन उपयोग नाही. बिल्डरला जमीन घ्यायला बँकांनी कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बांधकामासाठी मिळतं, पण तोवर २३ कोटी आधीच गेलेले असतात. म्हणून छोटा बिल्डर भागीदार शोधतो किंवा फायनान्सरकडून महिना दीड टक्क्याने उचलतो.

सगळाच पैसा दीड टक्क्याने उचलला असं धरून मी महिन्या-महिन्याचा खड्डा जोडला. सरळव्याजाने, व्याजावरचं व्याज न धरता, सात कोटींच्या आसपास गेले. आठातून सात गेले, एक उरला. मग मेव्हण्याने दोन भागीदारांसोबत स्वतःचे १२ कोटी घातले आणि वरचेच तेवढे उचलले असं धरलं. व्याज दोन कोटींवर आलं. शिल्लक सहा. तीच इमारत, तेच भाव, तेच फ्लॅट. तेहेतीस महिन्यांनी एकाकडे एक कोटी, दुसऱ्याकडे सहा. हे बघून मेव्हणा बराच वेळ गप्प बसला होता.

आणि हे सगळं वेळेवर झालं तर. सीसी सहा महिने लांबली, तर २३ कोटींवर सहा महिन्यांचं दीड टक्का म्हणजे दोन कोटी सात लाख. बारा कोटी घरचे असले तरी उरलेल्या अकरांवर एक कोटी. सिमेंट गोणीमागे दहा रुपये स्वस्त कुठे मिळतं याच्यामागे लोक दिवस घालवतात, आणि ना-हरकत दाखल्यातली एक त्रुटी चार आठवडे टेबलावर पडून राहिली तर तिचा हिशेब कोणी करत नाही.

आता सुरुवातीच्या स्वस्त सहा फ्लॅटबद्दल. मेव्हण्याचं म्हणणं होतं, स्वस्तात द्यायचेच तर दहा-बारा देऊ, पैसा लवकर येईल. हे तपासून पाहण्यासारखं आहे. सहा फ्लॅटवर फुटाला दोन हजार सूट म्हणजे ७५ लाख सोडले. हेच फ्लॅट विसाव्या महिन्यात पूर्ण भावाने विकले असते, तर मधल्या काळात जे तीन-साडेचार कोटी वापरायला मिळाले ते मिळाले नसते. त्यांचं व्याज साधारण ५७ लाख. म्हणजे निव्वळ हिशेबाने सूट देणं थोडं महागच. तरी सहा द्यावेत असं माझं मत. कारण पहिले करारनामे झाले की बँका प्रकल्पाला मान्यता देतात, फायनान्सर शांत बसतो, आणि भावाचा अंदाज येतो. पण दहा-बारा नकोत. लवकर आलेल्या पैशाची किंमत आपण मोजली आहे, आणि ती सूट देण्याइतकी मोठी नाही.

इथे तो सत्तर टक्क्यांचा नियम येतो, ज्याबद्दल ग्राहक आणि बिल्डर दोघांचाही गैरसमज असतो. कायदा म्हणतो, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि जमीन व बांधकाम यांच्यावरच खर्च करायचे. २०२४ पासून महारेराने यासाठी एकाच बँकेत तीन खाती करायला लावली: सगळा पैसा आधी एका खात्यात, तिथून सत्तर टक्के दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. सत्तरच्या खात्यातून काढायचं तर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. किती टक्के खर्च झाला, तेवढ्याच प्रमाणात पैसे काढता येतात. मेव्हण्याला वाटत होतं हे पैसे इमारत होईपर्यंत कुलपात राहणार. ग्राहकालाही तसंच वाटतं.

पण वाक्य पुन्हा वाचा. जमीन व बांधकाम. सीएच्या दाखल्यात, म्हणजे फॉर्म ३ मध्ये, जमिनीच्या खर्चात प्लॉटची किंमत, स्टॅम्प ड्युटी, प्रीमियम एफएसआय, टीडीआर, फंजिबल हे सगळं येतं. आपल्या प्रकल्पात ते साडेबावीस कोटी आहेत आणि सीसी येईपर्यंत सगळे भरून झालेले आहेत. जाहिरात-ब्रोकरेज त्यात धरत नाहीत, म्हणून एकूण अंदाजित खर्च साडेबत्तीस कोटी म्हणू. जोत्याच्या वेळी त्यातले साडेचोवीस खर्च झालेले असतात. पंचाहत्तर टक्के! आणि इमारत जमिनीच्या वर दिसायला अजून सुरुवातही झालेली नाही. तोवर सत्तरच्या खात्यात जमा झालेले असतात तीन कोटी. दाखल्याप्रमाणे ते तिन्ही कोटी त्याच दिवशी काढून फायनान्सरला देता येतात. यात बेकायदेशीर काही नाही. मुंबईत जमीन एवढी महाग आहे की छोट्या प्रकल्पात हे कुलूप बराच काळ उघडंच असतं.

बिल्डरला यातून दिलासा आहे, पण धोकाही इथेच आहे. पैसा काढता येतो म्हणून तो मोकळा झाला असं नाही. ज्या ग्राहकाने पंचेचाळीस टक्के दिले, त्याच्या घराचं बहुतेक बांधकाम अजून बाकी आहे, आणि ते पुढच्या विक्रीवर अवलंबून आहे.

ती विक्री अडली तर काय होतं ते आम्ही घालून पाहिलं. स्लॅबच्या काळात दहाऐवजी चारच फ्लॅट गेले. म्हणजे सगळे मिळून दहा, पावणेसतरा कोटींचे. सत्तर टक्क्यांनी आले ११.७ कोटी, खर्च मात्र तेवढाच, ३०.३. खड्डा अकराच्या जागी साडेअठराचा. घरचे बारा वगळले तर बाहेरचे साडेसहा कोटी, दर महिन्याला दहा लाख व्याज. आता फिनिशिंगला ३.७ कोटी हवेत. विकलेल्या दहा फ्लॅटकडून ओसीपर्यंत आणखी पंचवीस टक्केच येणार, म्हणजे ४.२ कोटी. पन्नास लाख शिल्लक दिसतात, पण सात महिन्यांचं व्याज सत्तर लाख. वर आधीचं साचलेलं व्याज वेगळंच. वीस लाख कमी पडतात, लाद्यावाला उधारी बंद करतो, लिफ्टचा अ‍ॅडव्हान्स जात नाही, आणि काम थांबतं.

मुंबईत सगळे स्लॅब पडलेले पण खिडक्या नसलेले सांगाडे बरेच दिसतात, त्यामागे हेच गणित असतं. स्लॅबपर्यंत मागण्या झपाट्याने वाढतात, तीसवरून सत्तरवर. म्हणून स्लॅब होतात. त्यानंतरचे टप्पे पाच-पाच, फार तर दहा टक्क्यांचे आहेत आणि प्रत्येकात हात गुंतवणारं काम आहे. फ्लॅट घेणाऱ्याने महारेराच्या साइटवर प्रकल्पाचं पान उघडून दोन गोष्टी जोडून बघाव्यात: किती फ्लॅट विकले गेले आणि काम कुठवर आलं. दर तीन महिन्यांनी ही माहिती भरणं बिल्डरवर बंधनकारक आहे. स्लॅब संपले आणि निम्मेही विकलेले नाहीत, असं दिसलं तर उरलेलं काम कोणाच्या पैशाने होणार हे सरळ विचारावं. आणि तिमाहीची माहितीच भरलेली नसेल तर विचारायचीही गरज नाही.

बिल्डरच्या बाजूने त्यावर दोन उपाय आहेत. एक, ताब्याची तारीख. आम्ही काम तेहेतीस महिन्यांचं धरलं, त्यातले दहा नोंदणीच्या आधी जातात. म्हणजे नोंदणीपासून तेवीस. महारेराला कळवायची तारीख मी बत्तीस महिन्यांनंतरची धरायला सांगितली. तारीख चुकली तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो, किंवा फ्लॅट ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात ते व्याज स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या आधारभूत दरावर, दोन टक्के. 'चोवीस महिन्यांत ताबा' असा बोर्ड लावला की चार बुकिंग जास्त मिळतात खरी, पण ती चौघंच पुढे व्याज मागायला येतात.

दुसरा उपाय मोठा आहे आणि तो अगदी सुरुवातीला करायचा असतो: जमिनीचे पैसे तिसऱ्या महिन्यात सगळे द्यायचेच नाहीत. पुनर्विकासात हे आपोआप होतं. तिथे सोसायटीच्या सभासदांना नवे फ्लॅट, भाडं आणि कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे द्यायचे असतात, म्हणजे जमिनीची बरीचशी किंमत इमारत झाल्यावर फ्लॅटच्या रूपात जाते. (भाडं मात्र दर महिन्याला जातं आणि उशीर झाला की ते व्याजासारखंच चावतं.) सरळ खरेदीत हे मागून घ्यावं लागतं. मालकाला आत्ता पंचवीस टक्के, म्हणजे ४ कोटी, आणि स्टॅम्प ड्युटी. उरलेले १२ कोटी सीसी आल्यावर. बारा कोटींचे सात महिने, दीड टक्क्याने, सव्वा कोटी वाचतात. त्या बदल्यात मालकाला भावात पन्नास लाख जास्त दिले तरी परवडतं. शिवाय सीसी लटकली तर निम्म्याहून जास्त खड्डा खणलेलाच नसतो.

मेव्हणा हा कागद घेऊन बंगल्याच्या मालकीणबाईंकडे गेला. बाई सत्तरीच्या, मुलगा परदेशात. त्यांनी पन्नास लाख नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट हवा, आणि रोख त्या प्रमाणात कमी चालेल. पावणेदोन कोटींचा फ्लॅट म्हणजे तेवढे पैसे तेहेतिसाव्या महिन्यापर्यंत द्यायला लागत नाहीत. मेव्हण्याला ते इतकं आवडलं की तो तिथेच टोकनचा चेक लिहायला निघाला होता.

मी त्याला फोनवर थांबवलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं टेप घेऊन गल्लीत गेलो. एका टोकाला ९.३ मीटर भरली, बंगल्यासमोर ९.१, आणि नाक्याजवळ, जिथे एका सोसायटीने कुंपण पुढे ओढलंय, तिथे ८.७. डीपी रिमार्कचा अर्ज केला आहे. तो येईपर्यंत चेकबुक माझ्याकडे आहे. आणि त्याचा फॉर्म ३ कधी निघालाच, तर त्यावर सही दुसऱ्या सीएची असेल, हेही त्याला तेव्हाच सांगून टाकलं.